काउंटरखालची पांढरी वायर

वसुबारसेच्या आधीचा शनिवार, दुकान उघडायची वेळ. हजर: काउंटरवर वहिनी, मालाच्या कपाटाशी काकू, आत भट्टीवर चौघीजणी, आणि मी. गैरहजर: प्रिंटर. म्हणजे तो टेबलावर होता, त्याचा हिरवा दिवाही लागला होता, पण कॉम्प्युटरच्या मते तो नव्हता.

हजेरी मांडून दिवस सुरू करायची माझी सवय आहे. तिची चेष्टा होते ते मला माहीत आहे. नारायण पेठेतल्या आमच्या फराळाच्या दुकानात पुढे विक्री आणि मागे भट्टी आहे, आणि सगळं आम्ही बायकाच चालवतो. काकू आमच्यात वडील. मालाची चव त्यांच्या जिभेवर ठरते. खरेदी, भाव, कामाच्या पाळ्या आणि भिंतीवरचे नियम माझ्याकडे. चकलीत मोहन किती घालायचं हे मला आजही नीट सांगता येणार नाही, पण मोहनाचं तूप कधी संपेल ते सांगता येतं.

वहिनी माझ्याच वयाच्या, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. माहेर अमरावतीकडचं, लग्न होऊन पुण्यात आल्या, राहायला कात्रजला. इतकी वर्षं पुण्यात काढली तरी बोलण्यात तिकडचा हेल आहे, आणि तो त्यांनी लपवलेला नाही. आमच्याकडे आल्यापासून त्या कढईवर होत्या. उन्हाळ्यात एका दुपारी डाळीची पोती मोजायला मी कोठीत गेले, तेव्हा त्या मागोमाग आल्या आणि दार लोटून घेतलं.

"ताई, एक सांगू का? कोणाले सांगू नका."

मग सांगितलं. मधेच अंगाचा भडका होतो. छातीपासून निघतो तो कानापर्यंत जातो, ब्लाउज भिजतो, आणि कढईसमोर असल्या तर डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरीण म्हणाल्या, पाळी जायच्या वयात होतं असं, जाईल आपोआप, पण तोवर आचेपासून लांब राहा.

"लांब राहू तं खाऊ काय?" वहिनी म्हणाल्या. "आणि ह्या सगळ्या हसतील. त्या दिवशी त्या एकीचं असंच झालं होतं तं किती दिवस तिले हीटर म्हणत होत्या."

म्हणत होत्या हे खरं होतं. मीही हसले होते.

मी कुणाला काही सांगितलं नाही. बैठकीत एवढंच म्हणाले की काउंटरला शांत डोक्याचं माणूस हवं, वहिनींना बसवू या. काकूंनी भुवया उंचावल्या. कढईवर वहिनींसारखा हात दुसरा नव्हता. पण माझं म्हणणं टिकलं. पावसाळाभर मी त्यांना बिल करायला शिकवलं. स्कॅनर कसा धरायचा, वजनाचा माल कसा भरायचा, चुकलेलं बिल रद्द कसं करायचं. पहिले काही दिवस त्या माऊसला नुसतं बोट लावून बघत, तापलेल्या तव्याला लावावं तसं. गणपतीपर्यंत मात्र त्यांचा वेग असा झाला की गर्दीच्या वेळी मी मुद्दाम पुढे येऊन बघत उभी राहायची. काउंटर त्यांना मिळालं होतं आणि ते राहणं गरजेचं होतं. नाहीतर पुन्हा कढई, किंवा घर.

दसरा झाला आणि कॉम्प्युटर अडकायला लागला.

व्हायचं ते असं. माल स्कॅन होई, बेरीज येई, वहिनी प्रिंटचं बटण दाबत, आणि पडदा पांढुरका पडे. मधोमध ते गोल चक्र फिरत राही. कधी प्रिंटरमधून अर्धंच बिल निघे, कधी काहीच नाही. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. तो चालू झाला की मघाचं बिल, त्याच्या आधीचं बिल आणि तेच बिल पुन्हा, अशी पट्टी एकदम बाहेर येई. समोर उभ्या असलेल्या भलत्याच माणसाच्या हातात ती जाई. मराठी अक्षरांच्या जागी मधूनच चौकोन आणि उलटसुलट खुणा छापून येत.

आमची गिऱ्हाइकं पेठेतली. ओरडत नाहीत.

"अहो, घाई नाही," एक पेन्शनर गृहस्थ हातातला चिवड्याचा पुडा घड्याळासारखा डोळ्यांसमोर धरून म्हणाले. "एवढंच विचारतो, यावरची वापरायची तारीख बिलाच्या आधी उलटणार की नंतर?"

मागच्या दोघी हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पदराने गळा पुसला आणि पुन्हा प्रिंट दाबलं. मग आणखी एकदा.

आतून पाणी प्यायला येणाऱ्या बायकांना विषयच मिळाला. वहिनींचा हात लागला की बंद पडतो, माझा लागला की चालतो, वगैरे. एकदोघींनी खरंच येऊन बिल करून दाखवलं, आणि ते सुरळीत निघालं. त्यामुळे वहिनींनाही तसंच वाटायला लागलं. "माझ्याच हाताले काही आहे ताई," त्या म्हणाल्या. "मी बसली की अडून राहते तो." मी म्हटलं, असं काही नसतं. पण माझ्याही मनात आलंच की त्या घाबरून काहीतरी दाबत असतील. ते मी बोलले नाही, पण दिवसातून दोनदा त्यांच्या मागे उभी राहून बघायला लागले. मागे कुणी उभं राहिलं की माणसाला कसं वाटतं ते मला कळायला हवं होतं.

काकू एक दिवस माझ्याशी बोलल्या. "हे बघ, दिवाळी तोंडावर आली. कढईवर माणूस कमी आहे आणि इथे काउंटरवर लोक आमच्याकडे बघून हसतायत. शनिवारपर्यंत तुझं ते यंत्र सुधारलं तर ठीक. नाहीतर हाताने बिलं फाडू, पहिल्यासारखी, मी बसते. आणि वहिनींना आत पाठवू. त्यांचं खरं काम तेच आहे."

वहिनी चार पावलांवर डबे लावत होत्या. त्यांनी ऐकलं.

मी कामाला लागले. बुधवार पेठेतल्या ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता तिथले दुरुस्तीवाले आले. उभ्यानेच काम करणारा माणूस. त्यांनी प्रिंटरच्या यादीत जाऊन दाखवलं: एक बिल 'त्रुटी' म्हणून अडकून बसलेलं आणि त्याच्यामागे बाकीची सगळी.

"मॅडम, कॉम्प्युटर बिल थेट प्रिंटरला नाही देत. आधी स्पूलर म्हणून असतो, त्याच्याकडे देतो. तो एकेक पुढे सोडतो. पहिलंच अडकलं की मागची सगळी अडकली. आणि ह्या ताई परत परत प्रिंट दाबतात, म्हणजे मागे अजून लावतात."

"मग काढून टाकता येत नाही?" मी विचारलं.

"नुसतं डिलीट म्हटलं तर कधी कधी 'डिलीट होतंय' म्हणत तसंच बसतं. स्पूलरची सर्व्हिस थांबवायची, त्याच्या फोल्डरमधल्या फायली पुसायच्या, सर्व्हिस परत चालू करायची. बास."

मी पायऱ्या लिहून घेतल्या. त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून बघितल्या. कॉम्प्युटर बंद न करता रांग मोकळी झाली. भिंतीवरच्या नियमांत मी एक ओळ वाढवली: बिल न आल्यास पुन्हा प्रिंट दाबू नये, मला बोलवावे. ते गेले, आणि दुपारनंतर बिल पुन्हा अडकलं. रांग मोकळी करता येत होती, पण पहिलं बिल अडकतच का होतं, ते कुणी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सामसुमीत मी बसून बघितलं. यादीत प्रिंटर एक नव्हता, तीन होते. दसऱ्याच्या तोंडावर जुना प्रिंटर बिघडला म्हणून आम्ही त्याच कंपनीचा पुढचा नमुना आणला होता. तो आणणाऱ्याने नुसती वायर बदलली होती. जुन्याचा ड्रायव्हर तसाच होता आणि नवा प्रिंटर त्यावरच चालत होता. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषी. आमचा दुभाषी दुसऱ्याच कुणाची भाषा बोलत होता. सरळ इंग्रजी आकडे कसेबसे पोचत. मराठी नावं मात्र चित्र म्हणून छापली जातात, ती वाटेत फाटत. म्हणून ते चौकोन.

दुरुस्तीवाल्यांना फोन केला.

"मॅडम, छापतोय ना? मग नका हात लावू," ते म्हणाले.

मी हात लावला. तिन्ही नावं काढली, जुना ड्रायव्हर मुळातून काढला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कंपनीच्या पानावरून आमच्या नमुन्याचा ड्रायव्हर उतरवला आणि बसवला. पहिलं बिल निघालं ते इतकं स्वच्छ की वहिनींनी ते उजेडात धरून बघितलं. 'भाजणी चकली' पूर्ण. खाली कागदही सरळ कापला गेला.

"आता तं झालं ना जी?" त्या म्हणाल्या.

"झालं," मी म्हटलं. ही माझी खोड आहे. झालं म्हणायची मला फार घाई असते.

चौकोन गेले ते कायमचे गेले. पण शुक्रवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत, पडदा पुन्हा पांढुरका पडला. शनिवारी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाला पुन्हा. कॉम्प्युटर म्हणत होता, प्रिंटर जोडलेला नाही. म्हणून वर हजेरीत त्याला गैरहजर लिहिलं.

दहाच्या पुढे रांग दारापर्यंत आली. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर, आत चार कढया. काकूंनी जुनी बिलबुकं काढून काउंटरच्या टोकाला ठेवली होती. बिलबुकांवर त्यांचा चष्मा ठेवला होता, तेवढं पुरेसं होतं. मी वहिनींच्या शेजारी उभी राहिले, आणि या वेळी पडद्याकडे न बघता बाकी सगळ्याकडे बघायचं ठरवलं.

वहिनींनी प्रिंट दाबलं. बिलाची दोन बोटं पट्टी बाहेर आली. वहिनींचा डावा हात काउंटरच्या खाली गेला. तेव्हाच कॉम्प्युटरने दोन सूर काढले, एक वरचा आणि एक खालचा, एखादी वस्तू उपटली की काढतो तसे. आणि स्कॅनरचा लाल दिवा विझला. क्षणभरच. परत लागला. पट्टी तिथेच थांबली होती.

दिव्याने मला सांगितलं. ड्रायव्हर चुकीचा असेल तर प्रिंटर अडेल. स्पूलर तुंबला तर बिलं अडतील. स्कॅनरचा या दोघांशी काही संबंध नाही. प्रिंटर आणि स्कॅनर एकाच क्षणी जात असतील तर दोघांना मिळून जे आहे ते जात होतं. दोघांना मिळून होता हब.

हब मीच आणला होता. कॉम्प्युटर खाली, त्याच्या वायरी आखूड, आणि काउंटरवर तारांचं जाळं मला बघवत नव्हतं. बुधवार पेठेतून मी काडेपेटीएवढा छोटासा हब घेतला. एक वायर कॉम्प्युटरला, आणि कीबोर्ड, माऊस, स्कॅनर, प्रिंटर सगळे हबला. दुकानदाराने विचारलं होतं, वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेला देऊ का? मी म्हटलं, नको, आणखी एक प्लग कुठे लावू. प्रिंटरला छपाईची वीज त्याच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरने मिळते. पण कॉम्प्युटरशी त्याचं बोलणं हबमधून. आणि अशा हबला स्वतःची वीज नाही. कॉम्प्युटरच्या एका भोकातून जी थोडीशी मिळते ती त्याने सगळ्यांत वाटायची. कुणी जास्त ओढली की तो गडबडतो आणि सगळ्यांना एकदम सोडून देतो. एरवी माऊस क्षणभर अडला तर कुणाला कळत नाही. बिल छापता छापता तसं झालं, की बिल अर्धं राहतं, स्पूलर वाट बघत बसतो, आणि बिलाचा प्रोग्रॅम त्याची वाट बघत गोठतो.

हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या मोठ्याने सांगितलं. रांगेला.

मग प्रिंटरची वायर हबमधून काढून सरळ कॉम्प्युटरच्या पाठीला लावली. वहिनींनी प्रिंट दाबलं. काही आलं नाही. रांगेत कुणीतरी घसा साफ केला. पण हे मला माहीत होतं: भोक बदललं की कॉम्प्युटरला तो नवाच प्रिंटर वाटतो, आणि बिल जुन्या नावाच्या रांगेत जाऊन पडतं. नव्या नावाला मुख्य केलं, बिलाच्या प्रोग्रॅममध्येही तेच निवडलं, जुनी रांग मोकळी केली. बिल आलं. दुसरं आलं. तिसरं आलं. पेन्शनर गृहस्थ त्या दिवशीही होते. म्हणाले, "वा. म्हणजे आता निमित्त सांगून उभं राहता येणार नाही."

लोक हसले, चांगलं हसले. काकूंनी बिलबुकं उचलून कपाटात ठेवली. वहिनींनी श्वास सोडला ते मला शेजारी ऐकू आलं. काउंटर राहिलं होतं.

तिथे मी थांबायला हवं होतं.

पण हबवर इतकी वीज ओढतंय कोण? स्कॅनर, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, एवढ्यावर तो इतके दिवस चालला होता. काहीतरी जास्तीचं लागलं होतं. शोध अर्धा टाकणं मला जमत नाही. मी काउंटरखाली वाकले. एकेक वायर बोटाने धरून मागे मागे जायला लागले. काळी कीबोर्डची. काळी माऊसची. करडी स्कॅनरची. आणि एक पांढरी, जी माझी नव्हती. ती खालच्या फळीवर, बिलाच्या कागदाच्या गुंडाळ्यांच्या मागे जात होती. मी हात घातला आणि बाहेर काढला.

मुठीएवढा गुलाबी पंखा. मोबाईलच्या चार्जरवर चालतो तसला. त्याला बटण होतं, कमी आणि जास्त. मी जास्तवर केलं. दोन सूर वाजले, स्कॅनरचा दिवा विझला, माऊस मेला.

"सापडलं," मी म्हणाले. मला इतका आनंद झाला होता. पंखा हातात वर धरून मी उभी राहिले, रांगेसमोर, आतून डोकावणाऱ्या बायकांसमोर, आणि विचारलं, "हा कुणाचा?"

उत्तर मला माहीत होतं. पंख्याची मला कल्पना नव्हती, पण त्या काउंटरवर गरम कुणाला होतं ते दुकानात फक्त मला माहीत होतं. विचारताना ते माझ्या ध्यानात नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ध्यानात होतं. कुठेतरी मागे होतं. आणि त्याच्यापुढे शोध लागल्याचा आनंद होता.

वहिनींचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. मी कोठीत फक्त ऐकलं होतं, बघितलं पहिल्यांदाच. कपाळावर घाम डवरला.

"माझा," त्या म्हणाल्या.

"अगं बाई, एसी काउंटर," आतून एकीने म्हटलं, आणि दुसरीने तोंडाला पदर लावला.

काउंटरवर स्वतःच्या वस्तू ठेवू नयेत, हा नियम भिंतीवर माझ्या अक्षरात आहे. म्हणून पंखा वर न ठेवता त्यांनी तो खालच्या फळीवर लपवून ठेवला होता, गुडघ्यापासून वाऱ्याची एक झुळूक गळ्यापर्यंत यावी अशा बेताने. गर्दी वाढली की भडका येई, पंखा जास्तवर जाई, बिल अडे. बिल अडलं की लोक बोलत, आणि भडका आणखी येई. बाकीच्या बायका बिल करून दाखवत तेव्हा पंखा बंद असे. सगळं जुळलं. तिथे उभ्या उभ्याच जुळलं, आणि हातातला पंखा खाली घ्यायचंही मला सुचलं नाही. तो वहिनींनी माझ्या हातातून घेतला. वायर गुंडाळली, पिशवीत ठेवला.

"माझ्यानंच बंद पडत होता म्हणजे," त्या म्हणाल्या. "मी म्हणतच होती."

"तुमच्यामुळे नाही, हबमुळे," मी म्हटलं. "हब मी आणलाय. अ‍ॅडॉप्टरवाला घ्यायला हवा होता." हे खरं होतं आणि मी मोठ्याने म्हटलं. पण ते प्रिंटरबद्दल होतं.

"हो जी," वहिनी म्हणाल्या. समोरच्या गिऱ्हाइकाचं बिल पूर्ण केलं, सुटे परत दिले, "पुन्हा या" म्हटलं. मग उठल्या. "ताई, तुम्ही बसा आता. मी आत जाते. कढईवर माणूस कमी आहे."

"अहो, पण चालू झालंय ना आता," मी म्हटलं.

"तेच तं. चालू झालं."

आणि त्या आत गेल्या. आचेपाशी.

मला वाटलं होतं, तासाभराने मी आत जाऊन घेऊन येईन. पण रांग होती आणि काउंटरवर दुसरं कुणी नव्हतं. दुपारी गेले तर त्या चकल्या तळत होत्या, मानेवर ओला पंचा, आणि शेजारची बाई त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होती. तीच, सकाळी एसी म्हणणारी. म्हणजे आत आता सगळ्यांना कळलं होतं. कोठीतल्या त्या दुपारपासून जपलेली गोष्ट मी स्कॅनरच्या दिव्याने सिद्ध करून दाखवली होती. आणि त्या बायकांनी ती माझ्याहून बरी घेतली होती.

"वहिनी, बाहेर या ना," मी म्हटलं.

"कढईतला हा घाणा काढते आणि येते," त्या म्हणाल्या. आल्या नाहीत.

संध्याकाळी काकू हातातला पुडा बांधत म्हणाल्या, "तुझं यंत्र उत्तम चालतंय."

"हो."

"तुला ते आधी माहीत होतं. त्यांचं."

मी मान हलवली.

"मला नव्हतं," काकू म्हणाल्या. "मला सांगितलं असतंस तर मी त्यांना आत पाठवायच्या गोष्टी केल्या असत्या का?" हे बोलून त्या दोरा दातांनी तोडायला लागल्या. पण मला कुणाला सांगू नका असं बजावलं होतं, हे मी काकूंना सांगू शकले नाही. गुपित राखलं म्हणून स्वतःला शाबासकी द्यायची सोय त्या दिवशी उरली नव्हती.

दिवाळी पार पडली. अ‍ॅडॉप्टरवाला हब आणला, त्यावर स्कॅनर, कीबोर्ड, माऊस. प्रिंटर कॉम्प्युटरच्या पाठीला, आणि त्या वायरीला हात लावू नये अशी चिठ्ठी. काउंटरच्या वर भिंतीला एक पंखा बसवून घेतला, सरळ विजेवरचा, गिऱ्हाइकांसाठी म्हणून. भिंतीवरून स्वतःच्या वस्तूंचा नियम काढला. कॉम्प्युटर त्यानंतर एकदाही अडलेला नाही. काउंटरवर मी बसते. वाऱ्याने बिलाची टोकं उडतात, त्यावर वजन ठेवते.

मी आतापर्यंत तीनचारदा काउंटरचा विषय काढला. प्रत्येक वेळी कामाचा म्हणून काढला: पाळ्या लावायच्या आहेत, तुमचा वेग जास्त आहे, मला खरेदीला जायचं असतं. वहिनी प्रत्येक वेळी नीट, आदराने उत्तर देतात. "तुमाले जमते ताई सगळं. मी बरी आहे इथं." परवा कढईवरून उठून त्या मागच्या पायरीवर डोकं गुडघ्यांत घालून बसलेल्या मला दिसल्या. शेजारच्या कढईवरची बाई पाणी घेऊन उभी होती. मी दारापर्यंत गेले आणि कुणीतरी पुढून "बिल" म्हणून हाक मारली, तशी परत फिरले. हाक नसती तरी फिरले असते का, ते मला खात्रीने सांगता येत नाही.

पाळ्यांचं बोलून हे सुटणार नाही, एवढं आता कळलंय. 'मी पंखा वर धरला तेव्हा तो तुमचाच हे मला माहीत होतं', हे वाक्य त्यांना सांगायचं राहिलंय. सगळ्यांसमोर सांगितलं तर तोच खेळ पुन्हा होईल, आणि एकट्या त्या मला आता सापडत नाहीत. पूर्वी कोठीत यायच्या. आता डाळ हवी असली की दुसरीला पाठवतात.

आज संध्याकाळी त्या कात्रजच्या बसला निघाल्या तेव्हा एकट्याच होत्या. मी पर्स उचलली, दारापर्यंत गेले. काउंटरवर दोघं उभी होती, बिल करायला कुणी नव्हतं. त्या कोपऱ्यावरून वळल्या. मी परत येऊन बसले आणि बिलं केली. दोन्ही लगेच निघाली.

वहिनींशी बोलणं अजून राहिलंय.